कापूस, आग आणि ईश्वराचा शिरस्ता

चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचा भंग, ही व्याख्या आज इतकी रुळलेली आहे की चमत्कार मानणारे आणि न मानणारे असे दोघेही आपल्या वादाला तिच्यापासूनच प्रारंभ करतात. धर्मविचाराच्या इतिहासात मात्र ही व्याख्या बरीच उशिरा आली. तिच्या कितीतरी शतके आधी, अकराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, इस्लामी, यहुदी आणि ख्रिस्ती पंडितांमध्ये याच विषयावर एक प्रदीर्घ वाद झाला. तो बगदादमध्ये पेटला, कोर्दोबा आणि कैरो या नगरांतून पुढे गेला आणि पॅरिसच्या विद्यापीठात येऊन त्याने नवे वळण घेतले. या वादात सहभागी झालेले सर्वच जण आपापल्या धर्मग्रंथांतील चमत्कार मानणारे होते; मतभेद होता तो निसर्गाच्या स्वरूपाविषयी. कापूस आगीत टाकला असता तो जळतो, या घटनेत जाळण्याचे काम नेमके कोण करते, हा त्यांचा प्रश्न होता आणि या प्रश्नाला जो जसे उत्तर देई, त्यावर चमत्काराने काही मोडते का, आणि मोडत असेल तर काय मोडते, याचे त्याचे उत्तर ठरत असे.

बगदाद, इ. स. १०९५

वादाची पार्श्वभूमी इस्लामी जगातील दोन विचारपरंपरांनी तयार केली होती. त्यांपैकी पहिली ‘कलाम’ या नावाने ओळखली जाणारी, युक्तिवादाने धर्मसिद्धान्तांचे समर्थन करणारी परंपरा होती आणि तिच्यात दहाव्या शतकातील अबुल हसन अल-अशअरी यांच्या अनुयायांचा पंथ पुढे विशेष प्रभावी ठरला. या पंथाच्या मते सारे जग अविभाज्य कणांचे बनलेले आहे, रंग, उष्णता, गती यांसारखे गुण त्या कणांवर राहतात आणि यांतला कोणताही गुण सलग दोन क्षण टिकत नाही. प्रत्येक क्षणी ईश्वर तो गुण नव्याने निर्माण करतो, म्हणून जग टिकून आहे असे दिसते. अशा जगात एका वस्तूने दुसऱ्या वस्तूवर परिणाम घडवण्यास वावच उरत नाही, कारण पहिल्या क्षणीचा गुण दुसऱ्या क्षणापर्यंत पोहोचतच नाही. मग रोजच्या अनुभवातील नियमितपणा कोठून येतो, या शंकेला या पंडितांचे उत्तर असे होते की ईश्वराने एक शिरस्ता घालून घेतला आहे आणि तो सहसा त्याच क्रमाने घटना निर्माण करतो. त्यानुसार चमत्काराची व्याख्याही ठरली. प्रेषित असल्याचा दावा करणाऱ्याच्या हातून, त्या दाव्याच्या पुष्ट्यर्थ आणि विरोधकांना आव्हान देऊन घडलेले, ज्याची बरोबरी विरोधकांना करता येत नाही असे शिरस्त्याचे उल्लंघन, म्हणजे ‘मुअजिझा’. संतांच्या हातून आव्हानाविना घडणाऱ्या अद्भुताला ‘करामत’ असे वेगळे नाव देण्यात आले.

दुसरी परंपरा ग्रीक तत्त्वज्ञानाचा, मुख्यतः ॲरिस्टॉटलचा वारसा सांगणाऱ्या तत्त्वज्ञांची होती आणि इब्न सीना (९८०–१०३७) हा तिचा सर्वांत मोठा प्रतिनिधी होता. त्याच्या मते प्रत्येक वस्तूला तिचा ठरावीक स्वभाव असतो आणि त्या स्वभावातून तिचे कार्य अनिवार्यपणे घडते. आग ही जाळणारी आहे, कापूस हा जळण्यायोग्य आहे, दोन्ही एकत्र आले आणि मध्ये अडथळा नसला, तर दहन टळणे शक्य नाही. असे असूनही इब्न सीनाने अद्भुत घटना सरसकट नाकारल्या नाहीत, उलट त्यांना निसर्गाच्या आतच जागा करून दिली. मनुष्याच्या मनाचा त्याच्या शरीरावर परिणाम होतो, हे त्याने एका साध्या दाखल्याने दाखवले. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून चालणारा मनुष्य पडत नाही. परंतु तीच फळी खोल दरीवर टाकली, तर पडण्याच्या कल्पनेनेच त्याचा तोल जातो. सामान्य माणसाच्या मनाचा प्रभाव स्वतःच्या देहापुरता असतो, परंतु प्रेषिताचा आत्मा इतका समर्थ असू शकतो की त्याचा प्रभाव देहाबाहेरच्या जड द्रव्यावरही पडावा आणि त्याच्या इच्छेने पाऊस पडावा किंवा वादळ उठावे. या उपपत्तीत कशाचाही भंग होत नाही, कारण ज्यांच्यामुळे वादळ उठते त्या कारणांच्या यादीत एका दुर्मीळ कारणाची भर पडते, इतकेच.

या दोन परंपरांची गाठ अबू हामिद अल-गझाली याच्या ग्रंथात पडली. खुरासानातील तूस येथे १०५८ मध्ये जन्मलेला गझाली अशअरी पंथाच्या मोठ्या आचार्यांपाशी, अल-जुवैनी यांच्यापाशी शिकला होता आणि सेल्जुक साम्राज्याचा वजीर निझाम-उल-मुल्क याने १०९१ मध्ये त्याला बगदादच्या निझामिया विद्यापीठात प्रमुख अध्यापक नेमले होते. तेथे त्याने तत्त्वज्ञांच्या ग्रंथांचा बारकाईने अभ्यास केला आणि १०९५ च्या प्रारंभी ‘तहाफुत अल-फलासिफा’, म्हणजे ‘तत्त्वज्ञांची विसंगती’, हा ग्रंथ पूर्ण केला. वीस प्रकरणांच्या या ग्रंथाकडे अनेकदा विज्ञानविरोधी म्हणून बोट दाखवले जाते. परंतु ग्रंथाच्या प्रस्तावनेतच गझालीने बजावले आहे की ग्रहणाची गणिती मीमांसा निर्विवाद सिद्ध झालेली असून धर्मरक्षणाच्या भावनेने तिचे खंडन करू पाहणारा मनुष्य धर्माचीच हानी करतो. त्याचा आक्षेप गणितावर अथवा निरीक्षणावर नव्हता. कार्यकारणाचा संबंध तर्कतः अनिवार्य आहे, या दाव्यावर तो होता, आणि सतरावे प्रकरण त्याने याच प्रश्नाला वाहिले. त्याचे कारणही त्याने स्पष्टपणे सांगितले आहे. तत्त्वज्ञ अनिवार्यतेचा आग्रह धरतात, म्हणून मूसाच्या काठीचा साप झाला किंवा मृत मनुष्य जिवंत झाला, अशा कथांचे त्यांना रूपकात्मक अर्थ लावावे लागतात. ही अनिवार्यता सिद्ध झालेली नाही असे दाखवता आले, तर त्या कथा शब्दशः घेण्यास तर्काची आडकाठी उरत नाही.

सतराव्या प्रकरणातील दोन वाटा

गझालीचा मुद्दा असा की आग लागताच कापूस जळतो, पाणी पिताच तहान भागते आणि शिरच्छेद होताच मृत्यू येतो, या जोड्यांमध्ये एक घटना दुसरीच्या सोबत घडते एवढेच डोळ्यांना दिसते. एकीमुळे दुसरी घडते, हे कोणालाही कधी दिसलेले नाही. पहिली घटना मानून दुसरी नाकारण्यात तर्काचा कोणताही व्याघात नाही. ज्याच्या डोळ्यांवर जन्मापासून पडदा आहे अशा माणसाचे डोळे दिवसा उघडले, तर रंग दिसण्याचे कारण आपले डोळे उघडणे हेच आहे असे त्याला वाटेल आणि सूर्य मावळून सारे काळवंडल्यावरच त्याला कळेल की रंग दृष्टीस पडत होते ते सूर्यप्रकाशामुळे. आगीजवळ कापूस जळताना पाहणाऱ्याची स्थितीही तशीच असू शकते, कारण ज्याच्यावर सारे अवलंबून आहे ते कारण कधी मावळतच नसेल, तर ते त्याच्या ध्यानात येणारच नाही. आग निर्जीव आहे, तिला कर्तृत्व नाही. कापसात काळेपणा आणि राख निर्माण करणारा कर्ता ईश्वर आहे, मग तो स्वतः ते करो किंवा देवदूतांकरवी करवो.

या मतावरचा सर्वांत अवघड आक्षेप गझालीने स्वतःच मांडला आणि तो सौम्य करून मांडला नाही. ईश्वर काहीही घडवू शकतो आणि वस्तूंना स्वभाव नाही असे मानले, तर घरी ठेवून आलेल्या पुस्तकाचा एव्हाना घोडा झाला असेल आणि त्याने ग्रंथालय घाण करून ठेवले असेल, किंवा पाण्याच्या घागरीचे सफरचंदाचे झाड झाले असेल, असेही मानावे लागेल आणि मग कशाचीच खात्री उरणार नाही. यावर गझालीचे उत्तर असे की एखादी गोष्ट शक्य असणे वेगळे आणि ती घडली असेल अशी शंका मनात येणे वेगळे. ईश्वराने शिरस्त्याच्या सातत्याबरोबरच, अशा शक्य गोष्टी घडलेल्या नाहीत, हे ज्ञानही माणसाच्या मनात निर्माण केले आहे आणि म्हणून घरी परतणाऱ्या कोणालाही पुस्तकाच्या जागी घोडा असेल अशी धास्ती वाटत नाही. ज्या दुर्मीळ प्रसंगी ईश्वर शिरस्ता बाजूला ठेवतो, त्या प्रसंगी तो ते ज्ञानही मनातून काढून घेतो.

एवढ्यावर न थांबता गझालीने दुसरीही एक वाट दाखवली. आगीला जाळण्याचा स्वभाव आहे आणि दोन सारखे कापसाचे पुंजके ती सारखेच जाळील, हे क्षणभर मान्य करू, असे तो म्हणतो. तरीही इब्राहीमला आगीत टाकले असता तो जळला नाही, ही कुराणातील कथा अशक्य ठरत नाही, कारण ईश्वराने आगीच्या किंवा इब्राहीमच्या देहाच्या गुणात बदल केला असू शकतो. अंगाला अभ्रकासारख्या खनिजाचा, म्हणजे तालकाचा लेप लावून पेटत्या भट्टीत बसणाऱ्याला आग इजा करत नाही, हे ज्याने पाहिलेले नाही तो ते खोटे ठरवतो. निसर्गात आणि ईश्वराच्या सामर्थ्यात अशा कितीतरी गोष्टी असतील, ज्या अद्याप कोणाच्या पाहण्यात आलेल्या नाहीत. काठीच्या सापाचेही तसेच आहे. मातीपासून वनस्पती होते, ती प्राण्याच्या पोटात जाऊन तिचे रक्त होते, रक्तापासून बीज आणि बीजापासून नवा प्राणी होतो. जे द्रव्य हा प्रवास दीर्घ काळात करते, त्याच्याकडून तो अल्प काळात करवून घेणे ईश्वराला अशक्य का असावे? या वाटेने गेल्यास चमत्कार म्हणजे निसर्गाचीच विलक्षण वेगाने झालेली वाटचाल ठरतो. यांपैकी गझालीचे स्वतःचे मत कोणते, यावर आधुनिक अभ्यासकांत एकवाक्यता नाही. मायकेल मार्मुरा यांनी त्याला पहिल्या, अशअरी मताचा मानले, तर फ्रँक ग्रिफेल यांच्या मते त्याने दोन्ही वाटा जाणीवपूर्वक खुल्या ठेवल्या.

एक मर्यादा मात्र गझालीने दोन्ही वाटांवर सारखीच पाळली. एकाच गोष्टीचे एकाच वेळी असणे आणि नसणे, एकाच वस्तूचे एकाच वेळी काळी आणि पांढरी असणे, एका माणसाने एकाच वेळी दोन ठिकाणी असणे, या व्याघाती गोष्टी ईश्वराच्या सामर्थ्याच्याही कक्षेत येत नाहीत, कारण त्या गोष्टीच नव्हेत. त्याच्या जगात मोडू न शकणारा नियम आहे आणि तो तर्काचा आहे. निसर्गाच्या बाबतीत ‘नियम’ नाही, शिरस्ता आहे.

कोर्दोब्याचा काझी

या ग्रंथाला त्याच तोलाचे उत्तर सुमारे पंचाऐंशी वर्षांनी, इस्लामी जगाच्या पश्चिम टोकाकडून आले. कोर्दोबा येथे ११२६ मध्ये जन्मलेला इब्न रुश्द हा काझी होता, वैद्य होता आणि ॲरिस्टॉटलचा अत्यंत साक्षेपी भाष्यकार होता. ११८० च्या सुमारास त्याने ‘तहाफुत अल-तहाफुत’, म्हणजे ‘विसंगतीची विसंगती’, हा ग्रंथ लिहून गझालीचे म्हणणे परिच्छेदागणिक उद्धृत केले आणि प्रत्येकाला उत्तर दिले. त्याच्या मते डोळ्यांसमोर दिसणारी कारणे नाकारणे हा निव्वळ वितंडवाद आहे. वस्तूला तिचे नाव आणि तिची व्याख्या मिळते ती तिच्या विशिष्ट कार्यावरून. आगीला जाळण्याचा स्वभाव नसेल, तर ‘आग’ या शब्दाला अर्थ राहत नाही आणि सर्व वस्तू एकमेकींत मिसळून एकच होऊन बसतात. तालकाचा लेप आगीला अडवतो, हे त्यालाही मान्य होते, परंतु जोवर ती आग आहे तोवर लेपामुळे तिचा जाळण्याचा गुण नाहीसा होत नाही. त्या एका ठिकाणी त्याला अडथळा येतो. बुद्धी म्हणजे कारणांसह वस्तू जाणणे, म्हणून जो कारणे नाकारतो तो बुद्धीच नाकारतो, आणि मग स्वतःचा युक्तिवाद तरी तो कशाच्या बळावर करणार?

यापुढे इब्न रुश्दने अशअरींच्या शिरस्त्यावरच बोट ठेवले. शिरस्ता म्हणजे नेमका कोणाचा शिरस्ता, असे तो विचारतो. तो ईश्वराचा असेल, तर सवय ही वारंवार केल्याने अंगी बाणणारी गोष्ट आहे आणि ईश्वराच्या ठायी असे काही नव्याने बाणणे संभवत नाही. शिवाय ईश्वराच्या रीतीत बदल आढळणार नाही असे कुराणच सांगते. तो वस्तूंचा असेल, तर निर्जीव वस्तूला सवय नसते, तिला जे असते त्यालाच स्वभाव म्हणतात. आणि वस्तूंविषयी अनुमान करण्याची ती माणसाचीच सवय असेल, तर तिचे दुसरे नाव बुद्धीचे कार्य असे आहे. तिन्ही पर्यायांत गझालीच्या हाती काही उरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

तथापि, वस्तूंचे स्वभाव इतके पक्के मानणाऱ्या या काझीनेही चमत्कार नाकारले नाहीत. चमत्कार हे धर्माच्या मूलतत्त्वांपैकी असून माणसाच्या आकलनापलीकडचे आहेत आणि त्यांची चिकित्सा करणे तत्त्वज्ञाचे काम नाही, अशी त्याची भूमिका होती. मात्र, प्रेषिताची खरी खूण कोणती, या प्रश्नावर त्याने परंपरेला वेगळी दिशा दिली. दोघे जण वैद्य असल्याचा दावा करू लागले आणि एकाने पाण्यावर चालून दाखवले, तर दुसऱ्याने रोग्यांना बरे केले, तर वैद्यकी सिद्ध होते ती दुसऱ्याची, कारण बरे करणे हेच वैद्याचे काम आहे. त्याचप्रमाणे प्रेषिताचे काम लोकांना सन्मार्ग दाखवणारा धर्म देणे हे असल्याने कुराण हाच श्रेष्ठ चमत्कार होय. काठीचा साप होणे हे त्यामानाने बाहेरचे प्रमाण आहे. या विचारात चमत्काराचे वजन निसर्गाला थांबवण्यात नाही, कार्याशी असलेल्या त्याच्या नात्यात आहे. दैवाची गती अशी की ११९५ मध्ये या काझीवरच धर्मविरोधाचा ठपका येऊन त्याला लुसेना या गावी हद्दपार व्हावे लागले आणि पुन्हा राजकृपा होऊन थोडाच काळ लोटतो न लोटतो तोच, ११९८ मध्ये मराकेश येथे त्याचा मृत्यू झाला.

सृष्टीच्या आरंभीचा करार

कोर्दोब्यातच जन्मलेल्या आणि पुढे कैरोजवळच्या फुस्तात येथे वैद्य व यहुदी समाजाचा पुढारी म्हणून स्थिरावलेल्या मोशे बिन मैमून, अर्थात मायमोनिडीज (मृत्यू १२०४) याने याच प्रश्नाला तिसरी दिशा दिली. ‘संभ्रमितांसाठी मार्गदर्शक’ या आपल्या ग्रंथात त्याने कलाम पंडितांची मते एकेक करून मांडली. निळीत बुडवलेले कापड काळे होते ते निळीमुळे नव्हे, तर त्या क्षणी ईश्वराने कापडात काळेपणा निर्माण केला म्हणून, असे ते म्हणतात. आणि जे जे कल्पनेत आणता येते ते ते शक्य आहे, असेही ते धरून चालतात. मैमूनच्या मते त्यांची चूक येथेच होती. कल्पना म्हणजे बुद्धी नव्हे, आणि काय शक्य आहे हे ठरवण्याचा अधिकार कल्पनेला नाही.

परंतु समुद्र दुभंगून इस्रायली लोकांना वाट मिळाली, ही यहुदी धर्माची आधारभूत कथा आहे आणि ती टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. मैमूनने प्राचीन यहुदी आचार्यांच्या एका वचनाचा आधार घेतला. सृष्टी निर्माण करतानाच ईश्वराने समुद्राशी करार केला होता की अमुक वेळी त्याने दुभंगावे. ११६८ मध्ये पूर्ण केलेल्या मिश्ना-भाष्यात त्याने याचा अर्थ उलगडून सांगितला. चमत्कार म्हणजे ईश्वराने मधूनच बदललेला बेत नव्हे. वस्तूला तिचा स्वभाव देण्यात आला, त्याच क्षणी त्या स्वभावात हा एक अपवादही पेरण्यात आला आणि ठरलेली वेळ येताच तो उमलून आला. ‘मार्गदर्शका’त हाच विचार तो अधिक सावधपणे मांडतो आणि चमत्काराने झालेला बदल कायम टिकत नाही, काठीचा साप होतो आणि सापाची पुन्हा काठी होते, याकडे लक्ष वेधतो. ईश्वराला आपल्याच रचनेत पुन्हा पुन्हा हस्तक्षेप करावा लागतो, ही कल्पना त्याला ईश्वराच्या ज्ञानाला उणेपणा आणणारी वाटत होती.

पॅरिसची उत्तरे

मैमूनच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले आणि त्यातूनच कलाम पंडितांची मते पॅरिस विद्यापीठातील ख्रिस्ती पंडितांना मुख्यत्वे कळली. डोमिनिकन संन्यासी टॉमस अक्वायनस (सुमारे १२२५–१२७४) याने आपल्या ‘सुम्मा कोन्त्रा जेन्तीलेस’ या ग्रंथात, आग तापवत नाही, ईश्वरच उष्णता निर्माण करतो, या मताचा समाचार घेतला. हे मत ईश्वराचा गौरव करते असे वरवर वाटते, परंतु ते त्याला कमीपणा आणते, असा त्याचा युक्तिवाद होता. जो कर्ता परिपूर्ण असतो तो दुसऱ्यालाही कर्तृत्व देऊ शकतो, म्हणून आगीला खरोखर जाळता येते यातच ईश्वराच्या सामर्थ्याची थोरवी दिसते. दहन हे आगीचेही कार्य आहे आणि ईश्वराचेही, आणि दोघांमध्ये ते अर्धेअर्धे वाटलेले नसून आपापल्या पातळीवर दोघांचेही पूर्णपणे आहे.

मग चमत्कारात काय घडते? अक्वायनसने भरती-ओहोटीचे उदाहरण घेतले. खाली वाहणे हा पाण्याचा स्वभाव, तरीही भरतीला ते वर चढते. त्याला कोणी निसर्गविरुद्ध म्हणत नाही, कारण वरच्या आकाशस्थ पिंडांच्या प्रभावाखाली राहणे हेही पाण्याच्या स्वभावात बसते. सर्व सृष्टी ईश्वराच्या अधीन असल्याने ईश्वराने तिच्यात काहीही केले, तरी ते सृष्टीच्या नेहमीच्या क्रमापलीकडचे असते, तिच्या विरुद्ध नसते. ‘चमत्कार’ हे नाव कोणत्या घटनेला द्यावे, याबाबत तो काटेकोर होता. ग्रहण पाहून शेतकरी थक्क होतो, खगोलशास्त्रज्ञ होत नाही. म्हणून ग्रहण हा चमत्कार नव्हे. ज्याचे कारण सर्वांनाच आणि सर्वार्थाने अज्ञात आहे, म्हणजे ज्याचे कारण स्वतः ईश्वरच आहे, त्यालाच चमत्कार म्हणावे. अशा घटनांच्या त्याने तीन पायऱ्या केल्या. निसर्गाला जे कधीच करता येत नाही ते पहिल्या पायरीवर. निसर्ग जे करतो, पण त्या ठिकाणी करू शकत नाही, जसे मृताला जीवन किंवा आंधळ्याला दृष्टी देणे, ते दुसऱ्या पायरीवर. आणि निसर्ग जे करतो, पण त्या रीतीने करत नाही, जसे उपचाराविना एकाएकी ताप उतरणे, ते तिसऱ्या पायरीवर. त्यानेही आगीचा प्रश्न टाळला नाही. बायबलातील दानिएलच्या ग्रंथात तीन तरुण पेटत्या भट्टीत टाकले जाऊनही सुरक्षित राहतात. अशा प्रसंगी आगीची जाळण्याची शक्ती शाबूत असते आणि तरीही परिणाम उलट होतो. एवढ्या मर्यादित अर्थाने त्याला आगीच्या स्वभावाविरुद्ध म्हणता येईल, असे अक्वायनस म्हणतो. आग आगच राहिली, हे इब्न रुश्दचे म्हणणे येथे गझालीच्या निष्कर्षाशेजारी जाऊन बसते.

पॅरिसमध्ये हा समतोल टिकला नाही. ७ मार्च १२७७ रोजी बिशप एत्येन तांपिए यांनी २१९ विधाने शिकवण्यास बंदी घातली आणि त्यांत, जे निसर्गतः अगदी अशक्य आहे ते ईश्वरालाही करता येत नाही, अशा अर्थाचे विधानही होते. यानंतरच्या पंडितांना निसर्गाच्या अनिवार्यतेविषयी बोलताना ईश्वराचे सामर्थ्य सतत ध्यानात ठेवावे लागले. त्यांच्यापैकी निकोला दोत्रकूर याने तर्क शेवटापर्यंत नेला. तागाच्या पुंजक्याजवळ आग नेली आणि मध्ये अडथळा नाही, एवढ्यावरून उष्णता निर्माण होईलच असे निर्विवाद सिद्ध करता येत नाही, हे त्याचे विधान गझालीच्या कापसाचेच भावंड होते. १३४६ मध्ये त्याची मते दोषी ठरली आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याला आपले लेखन स्वतःच्या हाताने जाळावे लागले. ईश्वराच्या सामर्थ्याला मर्यादा घालणे जसे दंडनीय ठरले होते, तसेच निसर्गाविषयीचे माणसाचे ज्ञान संशयास्पद ठरवणेही दंडनीय ठरले.

वादाचा वारसा

ख्रिस्ती चर्चच्या व्यवहारात अक्वायनसची भूमिका आजही जिवंत आहे. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लांबेर्तीनी यांनी, जे पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे झाले, संतपद देण्याच्या प्रक्रियेवर विस्तृत ग्रंथ लिहिला आणि रोगमुक्तीच्या चमत्कारासाठी कसोट्या घालून दिल्या. आजार गंभीर असावा, तो आपोआप उतरणीला लागण्याच्या अवस्थेत नसावा, रोगमुक्तीचे श्रेय उपचारांना देता येऊ नये, आणि ती एकाएकी, पूर्ण व टिकाऊ असावी. आजच्या पद्धतीत वैद्यांच्या मंडळाला एवढेच विचारले जाते की उपलब्ध वैद्यकीय ज्ञानाने या घटनेचा उलगडा होतो की नाही. ‘चमत्कार’ हा निर्णय ते देत नाहीत, तो धर्मपंडितांवर सोपवलेला असतो. चमत्कार निसर्गाच्या विरुद्ध नसून निसर्गाविषयी माणसाला जे ठाऊक आहे त्याच्या विरुद्ध असतो, असे पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने लिहिले होते, आणि वैद्यांना विचारला जाणारा प्रश्न त्या विचाराच्या चौकटीतच बसतो. अशा सिद्ध चमत्काराचे प्रमाण किती सक्तीचे, हेही चर्चने सर्वस्वी बंदिस्त ठेवलेले नाही. गोव्यातील बाणावली येथे जन्मलेल्या आणि श्रीलंकेत धर्मकार्य केलेल्या जुझे व्हाज यांना २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल करून संतपद दिले. व्यक्तीचे कार्य हीच तिची खरी खूण, या इब्न रुश्दच्या विचाराशी हा निर्णय जुळणारा आहे.

‘निसर्गनियमाचा भंग’ ही भाषा मात्र सतराव्या शतकापासूनची आहे. वस्तूंच्या स्वभावाची जागा गणिती नियमांनी घेतली, तेव्हाच ‘नियम मोडणे’ या शब्दांना नेमका अर्थ आला. स्पिनोझाने १६७० मध्ये निसर्गनियम आणि ईश्वराची इच्छा एकच मानून असा भंग अशक्य ठरवला आणि डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचा भंग अशी व्याख्या करून त्याच्या पुराव्याची चिकित्सा केली. कार्यकारणात अनिवार्यता दिसत नाही, हे सांगणाराही ह्यूमच होता. गझालीने ज्या निरीक्षणातून चमत्काराला वाट करून दिली, तेच निरीक्षण मान्य असूनही त्याने चमत्काराच्या साक्षीवर अविश्वास दाखवला.

या साऱ्या इतिहासावरून एक निष्कर्ष निःशंकपणे काढता येतो. श्रद्धा निसर्गाचा नियम झुगारते आणि बुद्धी तो जपते, ही आज सर्रास केली जाणारी विभागणी या वादातील एकाही प्रमुख पंडिताला लागू पडत नाही. गझालीच्या मते मोडतो तो ईश्वराचा शिरस्ता, मैमूनच्या मते काहीच मोडत नाही, इब्न रुश्दच्या मते मोडण्यात प्रमाणच नाही आणि अक्वायनसच्या मते निसर्ग ओलांडला जातो, उलथवला जात नाही. म्हणून एखाद्या धर्मपरंपरेला चमत्कार मान्य आहेत की नाहीत एवढेच विचारणे अपुरे आहे. त्या परंपरेत आग कशी जळते हे आधी विचारावे, कारण तिचे चमत्काराविषयीचे मत त्या उत्तरातच आलेले असते.